वहीतली वारंवारता सारणी फोटोवरून स्प्रेडशीटमध्ये: सात महिन्यांच्या वापरानंतर

मी संख्याशास्त्राच्या तासिका घेते. मुलं प्रात्यक्षिकातली वारंवारता सारणी वहीत हाताने करतात आणि पानाचा फोटो पाठवतात. पुढचा आलेख, मध्यक, बहुलक काढायला मला तीच सारणी स्प्रेडशीटमध्ये नीट हवी असते. आधी मी एकेक आकडा बघून टाइप करायचे. गेले सात महिने मात्र फोनमधल्या फोटोवरून तक्ता करणाऱ्या एका अ‍ॅपकडून हे करून घेते आहे. आतापर्यंत शंभरावर पानं झाली असतील.

अ‍ॅप मी पुढेही वापरणार आहे, हे आधीच सांगते. फक्त त्याने वाचलेली एकही सारणी मी पानावरच्या संचित वारंवारतेशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे नेत नाही. हे शहाणपण दुसऱ्या महिन्यात आलं. एक सारणी मी तशीच पुढे वापरली, तिचा मध्यक काढला, आणि तो चुकीचा असूनही मला काहीच खटकलं नाही. तीच सारणी इथे सविस्तर देते, कारण तिच्यात दोन वेगळ्या जातीच्या चुका एकत्र सापडल्या.

साठ रोपांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजलेली होती, पाच-पाचचे वर्ग होते. पानावर चार रकाने: वर्ग, ताळ्याच्या खुणा, वारंवारता आणि संचित वारंवारता. खाली एकूण साठ लिहिलेले. अक्षर तसं बरं होतं, आकडे इंग्रजी. अ‍ॅपने जे वाचलं ते असं (शेवटचे दोन रकाने मी नंतर जोडले आहेत):

```
पासून  पर्यंत  f    cf   हिशेब  फरक
0      5     4    4    4     0
5      10    7    11   11    0
10     15    13   24   24    0
15     20    11   41   35    6
20     25    11   52   46    6
25     30    6    53   52    1
30     35    2    60   54    6
```

इथे `f` म्हणजे अ‍ॅपने वाचलेली वारंवारता आणि `cf` म्हणजे अ‍ॅपने वाचलेली संचित वारंवारता, म्हणजे मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली. 'हिशेब' हा रकाना वाचलेल्या वारंवारतांवरून स्प्रेडशीट स्वतः बेरीज करत काढते. पहिली आकड्यांची ओळ दुसऱ्या क्रमांकाला असेल तर सूत्रं एवढीच:

```
E2:  =SUM(C$2:C2)
F2:  =D2-E2
```

ती खालपर्यंत ओढायची आणि मग फक्त फरकाच्या रकान्याकडे बघायचं. सगळीकडे शून्य असेल तर सारणी जुळली. इथे चौथ्या ओळीपासून सहा दिसतो आणि पुढे सहाच राहतो. असा फरक एखाद्या ओळीत सुरू होऊन शेवटपर्यंत टिकतो तेव्हा त्या ओळीची वारंवारता संशयित असते, कारण एक वारंवारता कमी वाचली गेली की तिच्या पुढची प्रत्येक बेरीज तेवढ्यानेच कमी येते. १५ ते २० या वर्गात अ‍ॅपने ११ वाचलेत, कमी पडताहेत सहा, म्हणजे पानावर १७ असणार. फोटो मोठा करून पाहिला तर तसंच होतं. मुलाने सातची वरची रेघ इतकी आखूड ओढली होती की अ‍ॅपने त्याचा एक केला.

सहाव्या ओळीतला फरक मात्र एक आहे, आणि लगेच खालच्या ओळीत तो परत सहावर येतो. फरक एकाच ओळीत बदलून पुन्हा मूळपदावर येतो तेव्हा वारंवारता ठीक असते आणि त्या ओळीची संचित वारंवारता चुकीची वाचलेली असते. सहा हवे होते, एक आला, म्हणजे पाच कमी. ५३ मध्ये पाच मिळवले की ५८. पानावर आठच्या डाव्या बाजूला शाई फुटली होती, म्हणून त्याचा तीन वाचला गेला. दोन्ही आकडे सुधारल्यावर फरकाच्या सातही ओळी शून्य झाल्या आणि शेवटची बेरीज पानावरच्या साठशी जुळली.

आता मध्यकाचं सांगते. चुकीच्या सारणीत एकूण ५४ होते, त्याचा अर्धा २७. मध्यक वर्ग १५ ते २०, आधीची संचित वारंवारता २४, वर्गाची वारंवारता ११. सूत्रात घातलं की १५ + (३ ÷ ११) × ५, म्हणजे सुमारे १६.३६. खरं उत्तर १५ + (६ ÷ १७) × ५, म्हणजे सुमारे १६.७६. दोन्ही त्याच वर्गात पडतात आणि दोन्ही उत्तरं दिसायला पटणारी आहेत. उत्तराकडे बघून ही चूक कधीच कळली नसती. म्हणून ताळा सारणीतच घ्यायचा, उत्तरापर्यंत थांबायचं नाही.

यात मला सगळ्यात आवडतं ते हे, की संचित वारंवारतेचा रकाना पानावर आयताच असतो. तो मुलाने आपल्या उत्तरासाठी लिहिलेला असतो, आणि आपल्याला न मागता त्याच माहितीची दुसरी प्रत मिळते. सुरुवातीला मी उलटं करायचे. संचित रकाना तर सूत्राने काढता येतो, मग फोटोतून वाचायचाच कशाला, म्हणून तो कापून टाकायचे. आता तो मुद्दाम वाचून घेते, पण सारणीत अंतिम आकडे सूत्राने आलेलेच ठेवते. वाचलेला रकाना फक्त साक्षीला. काही मुलं 'पेक्षा जास्त' प्रकारची संचित वारंवारता लिहितात. तिथे पहिलाच आकडा एकूण संख्येइतका असतो आणि खाली उतरत जातो, म्हणून ओळखायला सोपं. तेव्हा सूत्र `=SUM(C2:C$8)` असं उलट धरायचं. मग टिकणारा फरक वरच्या ओळींमध्ये दिसतो आणि खाली येताना संशयित ओळीनंतर संपतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सात महिन्यांत कळल्या. फरक एका ओळीपासून शेवटपर्यंत टिकला, पण फोटोत वारंवारता अगदी स्पष्ट आणि अ‍ॅपने वाचली तशीच आहे, असं कधीकधी होतं. तेव्हा चूक अ‍ॅपची नसते. मुलानेच बेरीज करताना हातचा सोडलेला असतो, आणि त्याचा रकाना तिथून पुढे सगळा सरकलेला असतो. किंवा त्याने खुणांवरून वारंवारता लिहितानाच चूक केलेली असते. अशा वेळी निकाल ताळ्याच्या खुणांचा. १७ म्हणजे पाचाचे तीन गट आणि दोन सुट्या रेघा, मोजायला क्षणभर पुरतो. मात्र ती दुरुस्ती मी गुपचूप करत नाही, त्या ओळीपुढे शेरा लिहिते. कारण वहीत काय होतं आणि काय असायला हवं होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी मर्यादा जरा फसवी आहे. समजा १३ चे १८ वाचले आणि नेमके खालच्या १७ चे १२ वाचले. एकूण बेरीज साठच राहते आणि फरक फक्त एका ओळीत दिसतो, म्हणजे हुबेहूब संचित आकडा चुकल्यासारखा. फरकाचा रकाना कुठे बघायचं ते सांगतो, दोषी कोण ते शेवटी फोटोच ठरवतो. म्हणून फरक दिसला की मी ती ओळ आणि तिच्या खालची ओळ, दोन्हींचे सगळे आकडे पानावर पाहते, आणि मगच हात लावते.

वर्गांच्या रकान्याचा मात्र मला खरोखर त्रास झाला. अ‍ॅपने `5-10` अगदी बरोबर वाचलं, स्प्रेडशीटमध्ये चिकटवलं, आणि तिथे पाच ऑक्टोबर झालं. `10-15` ची पण तारीख झाली. `0-5` आणि `15-20` तसेच राहिले, कारण त्यांची तारीख होत नाही. एकाच रकान्यात अर्धे वर्ग आणि अर्ध्या तारखा. नंतर रकाना मजकूर प्रकारात बदलला तर तारखेच्या जागी पाच आकडी संख्या येते, वर्ग परत मिळत नाही. चिकटवण्याआधीच रकाना मजकूर प्रकारात ठेवला तर हे टळतं. मी आता त्याहून पुढे जाऊन खालची आणि वरची मर्यादा दोन रकान्यांत तोडूनच घेते. तोडताना मधली आडवी रेघ कधी दुसऱ्या आकड्याला चिकटते आणि पंधराचे उणे पंधरा होतात, तेवढं पाहायचं. वेगळ्या रकान्यांचा फायदा म्हणजे मर्यादाही तपासता येतात. असमावेशक वर्गांत एका वर्गाची वरची मर्यादा हीच पुढच्याची खालची, म्हणून `=A3=B2` खरं यायला हवं. १०-१९, २०-२९ अशा समावेशक वर्गांना `=A3=B2+1`. नऊचा चार वाचला गेला की इथे लगेच पकडला जातो.

ताळ्याच्या खुणा अ‍ॅपला वाचताच येत नाहीत. चार उभ्या रेघांचे `1111` होतात, आडव्या छेदाची भलतीच अक्षरं होतात, आणि कधी हा सगळा कचरा शेजारच्या रकान्यात घुसून पूर्ण ओळ उजवीकडे सरकते. उपाय साधा आहे. फोटो काढताना त्या रकान्यावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवायची. मुलांना मी दोन फोटो पाठवायला सांगते, एक पट्टी ठेवून आणि एक पूर्ण पानाचा. पहिला वाचायला, दुसरा वाद सोडवायला.

रकान्याची रेघ हा आणखी एक चोर. ११ मधला दुसरा एक रेघेला टेकला की अ‍ॅप त्याला रेघच समजतं आणि सारणीत नुसता एक उरतो. फरकाच्या रकान्यात तो दहाचा फरक म्हणून दिसतो. टिकून राहणारा दहाचा फरक आला की मी आधी रेघेला चिकटलेला आकडा शोधते.

आणखी एक बारीक गोष्ट. अ‍ॅप कधी शून्याच्या जागी `O` किंवा एकाच्या जागी `l` हे अक्षर टाकतं. डोळ्याला ते आकड्यासारखंच दिसतं, पण `SUM` मजकुराला न सांगता वगळतं, म्हणून हिशेबात त्या ओळीची वारंवारता अख्खी गायब होते. फरक बरोबर त्या ओळीच्या वारंवारतेएवढा आला तर हेच समजायचं. आकडे सेलमध्ये उजवीकडे बसतात आणि मजकूर डावीकडे, त्यावरूनही ओळखू येतं.

देवनागरी अंकांतली पानं मी अजून हातानेच भरते. घाईत लिहिलेले १ आणि ९ माझ्या अ‍ॅपला वेगळे कळत नाहीत, आणि एका सारणीत अशा चार-पाच जागा असल्या की फरकाच्या रकान्यातले आकडे एकमेकांत मिसळतात. मग ते उलगडण्यापेक्षा सात ओळी टाइप करणं लवकर होतं. ज्या पानावर संचित वारंवारता नसते, फक्त एकूण असतं, तेही मी हातानेच करते. नुसती बेरीज चुकली एवढं कळून कोणती ओळ चुकली ते कळत नाही, आणि शेवटी प्रत्येक आकडा पानाशी लावून बघावाच लागतो.