गडद वर्णाच्या गालांसाठी: बेबी पिंक की जांभूळ, शॅम्पेन की तांबूस सोनेरी?

मे महिन्यातलं लग्न, मांडव भुसावळला, पारा पंचेचाळिशीच्या आसपास. करवलीचा रंग चांगला गडद, भाजलेल्या कॉफीच्या बियांसारखा. जळगावच्या फुले मार्केटमध्ये ती काउंटरवर उभी आहे आणि समोर दोन ब्लश, दोन हायलायटर आहेत. एकेकच घ्यायचा आहे.

दुकानदार आधी बेबी पिंक पुढे करतो, कारण डबीत तो गोड दिसतो. पण ब्लशला तो फिकेपणा बहुतेक वेळा पांढऱ्या रंगद्रव्यातून येतो, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडमधून. गोऱ्या गालावर तो पांढरेपणा खपून जातो. गडद गालावर त्याचा पातळ थर बसला की खालचा तपकिरी आणि वरचा पांढरा मिळून राखाडी दिसतं. मग घरातली एखादी आजी सरळ विचारते, "राख लाईसन उनी का व?" रंग दिसत नाही म्हणून दुसरा हात मारला, तर गुलाबीबरोबर पांढराही वाढतो आणि गाल आणखी भुरकट होतो.

दुसरी डबी जांभळाच्या रंगाची. ती उघडल्यावर बऱ्याच मुली दचकतात, "एवढा गडद?" म्हणून परत ठेवतात. पण गालावर तो निम्माही दिसत नाही, कारण खालची त्वचा त्याला सामावून घेते. आतून रक्त चढल्यासारखी लाली येते. विटकरीसुद्धा चांगला, विशेषतः वर्णात पिवळसर सोनेरी झाक असेल तर. मात्र विटकरीत तपकिरी जास्त असेल, तर खूप गडद गालावर तो दिसतच नाही, किंवा मळकट वाटतो. एकच घ्यायचा असेल तर मी जांभळट लाल घेईन. आणि गुलाबीच हवा असेल तर भडक राणी घ्या. त्रास गुलाबीचा नाही, त्यातल्या पांढऱ्याचा आहे.

डबीमागची यादी वाचून हे कळेलच असं नाही. बऱ्याच कंपन्या सगळ्या शेडमध्ये जी रंगद्रव्यं 'असू शकतात' ती एकत्रच छापतात, त्यामुळे गडद शेडच्या डबीवरही टायटॅनियम डायऑक्साइडचं नाव असू शकतं. त्यापेक्षा बोटावर थोडं घ्या आणि मनगटाच्या आत नाही, तर जबड्याजवळ लावा. मनगटाची आतली बाजू चेहऱ्यापेक्षा उजळ असते आणि फसवते. मग दुसऱ्या बोटानं ते पुसत पुसत पातळ करा. पातळ कड त्वचेत विरली तर घ्या. कडेला पांढुरकी रेघ उरली तर ठेवून द्या. हे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दारात या.

हायलायटरचंही तसंच, पण तो जरा लबाड असतो. शॅम्पेन किंवा चांदीसारखा हायलायटर समोरून उजेड पडला की छान चमकतो. मान वळवून गाल सावलीत न्या, की चमक जाते आणि गालाच्या हाडावर पांढरा पट्टा तेवढा राहतो. तांबूस सोनेरी किंवा ब्राँझ सावलीत गेल्यावर त्वचेत मिसळतो आणि उजेडात परत येतो. म्हणून आरशासमोर सरळ उभं राहून नाही, डोकं हळूहळू फिरवून बघायचं. चकाकीचे कण मोठे आणि सुटे दिसत असतील तर तेही नको. फोटोत गालावरची छिद्रं त्यामुळे आधी दिसतात.

क्रीम की पावडर? कोरड्या हवेत क्रीम त्वचेसारखं दिसतं, पण भुसावळच्या दुपारी घामाबरोबर ते सरकतं. पावडर टिकते, फक्त ओल्या गालावर लावली तर गोळे धरते. करवलीला मी सांगेन, आधी घाम टिपून घे, क्रीम ब्लश बोटानं थापटून लाव, त्यावर त्याच रंगाची पावडर अगदी हलक्या ब्रशनं. ब्रश आधी डबीच्या कडेवर आपटायचा. हायलायटर सगळ्यात शेवटी, गालाच्या हाडाच्या माथ्यावरच, ब्लशच्या मधोमध नाही.

एवढं करून गाल भुरकट दिसलाच, तर ब्लश बदलण्याआधी फाउंडेशन आणि कॉम्पॅक्ट तपासा. फाउंडेशन वर्णापेक्षा उजळ असेल तर त्यावर कुठलाही ब्लश राखट पडतो. ब्लशवरून फिरवलेली पांढरी सेटिंग पावडर, 'ट्रान्सल्यूसंट' लिहिलेली असली तरी, गडद वर्णावर राखाडी दिसू शकते आणि फोटोग्राफरच्या फ्लॅशमध्ये पांढरी उठू शकते. ती लावायचीच असेल तर ब्लशच्या आधी, आणि फक्त नाक-कपाळाला.