सहा-सहा वेलींचा प्रश्न: टी-चाचणी घ्यायची की रँक-सम?

तासगावकडची एक द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणा. फळछाटणीनंतर बारा वेली निवडल्या, चिठ्ठ्या टाकून सहांना नेहमीचं खत आणि सहांना स्लरी दिली. काढणीच्या वेळी प्रत्येक वेलीचा माल वेगळा तोलला. आकडे समजावण्यासाठी मीच बांधलेत, पण प्रकल्प करणारे विद्यार्थी असेच आकडे घेऊन बसलेले असतात.

```
a <- c(9.1, 9.8, 10.4, 10.9, 11.6, 12.5)
b <- c(11.2, 12.1, 12.9, 13.4, 14.2, 27.5)
t.test(a, b)
wilcox.test(a, b)
```

a म्हणजे नेहमीचं खत, b म्हणजे स्लरी, वजनं किलोत. नजरेनं पाहिलं तरी स्लरीच्या वेली सरस वाटतात. तरीही टी-चाचणीचं पी-मूल्य ०.१३ येतं, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. रँक-सम चाचणी मात्र ०.०१५ देते.

असं का होतं, ते पाहण्यासाठी शेवटची वेल २७.५ ऐवजी १५ किलोची धरा. स्लरीची सरासरी १५.२ वरून १३.१ वर येते, म्हणजे दोन गटांमधला फरक जवळजवळ निम्मा होतो. आणि टी-चाचणीचं पी-मूल्य ०.०१ वर उतरतं! फरक कमी झाला आणि पुरावा बळकट झाला. कारण टी-चाचणी सरासऱ्यांमधल्या फरकाला विखुरणीने भागते. त्या एका वेलीने सरासरी थोडी वर ओढली, पण विखुरणी त्याहून कितीतरी जास्त फुगवली. मोठ्या नमुन्यात असा एखादा आकडा पचून जातो, सहांत पचत नाही.

रँक-सममध्ये किलो बाजूला ठेवून बाराही वेली एका रांगेत लावायच्या, सर्वांत हलकीला १, सर्वांत जडला १२. नेहमीच्या खताला १, २, ३, ४, ६, ८ हे क्रमांक मिळतात, बेरीज २४. सहा वेलींची कमीत कमी शक्य बेरीज २१, म्हणजे आपण टोकापासून फक्त ३ वर आहोत. (आर मध्ये `W = 3` दिसतं ते हेच.) स्लरीचा काहीच परिणाम नसेल, तर बारांतून कुठलेही सहा क्रमांक या गटाला मिळणं सारखंच शक्य. अशा वाटण्या ९२४. त्यांपैकी २४ किंवा त्याहून कमी बेरीज देणाऱ्या ७, दुसऱ्या टोकाकडच्याही ७. चौदा भागिले ९२४, म्हणजे ०.०१५. इथे घंटेच्या आकाराचं वितरण कुठेच गृहीत धरलेलं नाही, आणि २७.५ असो वा १५, त्या वेलीचा क्रमांक बाराच. फ्रँक विल्कॉक्सन यांनी १९४५ साली ही युक्ती मांडली. मान आणि व्हिटनी यांनी १९४७ मध्ये ती पुढे नेली, म्हणून दोन्ही नावं दिसतात.

मग टी-चाचणी सोडूनच द्यायची का? नाही. वजनं खरोखर घंटेच्या आकाराची असतील तर टी-चाचणी थोडी जास्त धारदार असते. पण ती धार नगण्य आहे: मोठ्या नमुन्यांत रँक-समची कार्यक्षमता टी-चाचणीच्या सुमारे ९५ टक्के राहते. म्हणून लहान नमुना आणि लांब शेपटीची, म्हणजे एखादा आकडा फारच मोठा निघण्याची, शंका असेल, तर माझा कौल रँक-समला. आकडे घंटेच्या आकाराचे आहेत का हे तपासणाऱ्या शापिरो चाचणीवर विसंबून हा निर्णय घेऊ नका. सहा आकड्यांत ती बहुतेक वेळा काहीच पकडत नाही. अशा मोजमापांत शेपटी लांब असते का, हे आधीच्या हंगामांवरून ठरवा.

मात्र रँक-सम कशाचं उत्तर देते ते नीट समजून घ्या. «मध्यकांची तुलना» असं तिला सर्रास म्हणतात, ते दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल तरच खरं. एका गटाची विखुरणी बरीच जास्त असेल, तर मध्यक समान असूनही पी-मूल्य फसवं येऊ शकतं. ती खरं तर एवढंच तपासते की स्लरीची वेल दुसरीपेक्षा जड निघण्याकडे कल आहे का. आपल्या ३६ जोड्यांपैकी ३३ मध्ये ती जडच आहे. फरक किती, हे हवं असेल तर त्या ३६ फरकांचा मध्यक घ्या. तो २.५ किलो येतो. सरासऱ्यांमधला फरक ४.५ दिसतो, पण त्यातला मोठा वाटा एकट्या बाराव्या वेलीचा.

बागायतदाराला एकूण माल किती वाढेल हे हवं असेल, तर मात्र सरासरीच लागते. तेव्हा चाचणी बदलून भागत नाही, वेली वाढवाव्या लागतात.

दोन ठिकाणी रँक-सम अजिबात वापरू नका. एकाच वेलीचं मागच्या आणि या हंगामाचं वजन असेल तर जोड्या आहेत, तिथे विल्कॉक्सनचीच साइन्ड-रँक चाचणी हवी. आणि प्रत्येक गटात तीनच वेली असतील तर वाटण्या अवघ्या २०, दोन्ही टोकं धरून सर्वांत लहान पी-मूल्य ०.१. वेली कितीही वेगळ्या निघाल्या तरी ०.०५ च्या खाली जाताच येत नाही. चार-चार झाल्या की ते ०.०२९ पर्यंत उतरू शकतं.