पॅसिव्ह तपासताना: उलटवून पाहायचं की तुकडे पाडून?

मुलांच्या वह्या तपासताना ‘चेंज द व्हॉइस’ आलं की दोन रस्ते असतात. एक, मुलाने लिहिलेलं पॅसिव्ह मनात पुन्हा अ‍ॅक्टिव्ह करायचं आणि मूळ वाक्याशी ताडून पाहायचं. दुसरा, पॅसिव्हचे तीन तुकडे एकेक करून बघायचे: सुरुवातीचा सब्जेक्ट, त्याला लागून आलेलं क्रियापद आणि ‘बाय’नंतरचा शब्द. दादरच्या क्लासांत ढीगभर वह्या हातावेगळ्या करायच्या असतात, तिथे पहिलाच रस्ता चालतो, कारण तो झटपट आहे. पण तो कुठे आंधळा होतो, ते माहीत हवं.

‘शी हॅज इन्व्हायटेड अस’ हे वाक्य घ्या. मुलाने लिहिलं, ‘वी वेअर इन्व्हायटेड बाय हर’. उलटवलं तर ‘शी इन्व्हायटेड अस’ मिळतं. मूळचं ‘हॅज’ गायब, म्हणजे टेन्स बदलला. चूक लगेच पकडली गेली. आता दुसऱ्या वहीत आहे, ‘अस हॅज बीन इन्व्हायटेड बाय शी’. हे उलटवलं की ‘शी हॅज इन्व्हायटेड अस’, मूळ वाक्य जसंच्या तसं! तीन चुका असूनही बरोबरची खूण पडते, कारण मुलाने सर्वनामं आणि ‘हॅज’ न बदलता फक्त जागा बदलल्या आणि आपण त्या परत केल्या.

तुकडे पाडले तर हे सुटत नाही. सब्जेक्टच्या जागी ‘वी’ हवं, ‘वी’बरोबर ‘हॅव’ हवं, ‘बाय’नंतर ‘हर’ हवं. उत्तर ‘वी हॅव बीन इन्व्हायटेड बाय हर’. क्रियापद नव्या सब्जेक्टशी जुळवायचं, तेही मुख्य नामाशी. ‘शी हॅज सेंट अ बॉक्स ऑफ मँगोज’मध्ये आंबे कितीही असोत, पाठवली पेटीच, म्हणून ‘हॅज बीन सेंट’. इथे ‘हॅव’ लिहिणारी मुलं बरीच सापडतात, आणि ‘मँगोज’ला लागूनच क्रियापद येत असल्याने तपासणाऱ्याचीही नजर फसते.

तुकड्यांचीही एक खोट आहे. ‘ही कट द रोप्स’चं ‘द रोप्स आर कट बाय हिम’ केलं तर प्रत्येक तुकडा निर्दोष दिसतो. उलटवल्यावर मात्र ‘ही कट्स’ येतं, तो ‘एस’ मूळ वाक्यात नाही, तेव्हा ‘वेअर’ हवं होतं हे कळतं. ‘पुट’चंही तसंच.

माझं मत सांगायचं तर घरी एकाच मुलाची वही असेल तर आधी तुकडे पाडा, मग एकदा उलटवा. परीक्षेचा गठ्ठा असेल आणि एकच पद्धत परवडत असेल, तर तुकडे. फक्त टेन्सपुरती मूळ वाक्याकडे एक नजर टाका. ‘दे कट द रोप्स’सारखं वाक्य आलं आणि सोबत ‘यस्टर्डे’ किंवा ‘एव्हरी डे’ नसेल, तर मात्र दोन्ही पद्धती हात टेकतात. तिथे ‘आर’ लिहिणाऱ्यालाही मार्क द्या आणि ‘वेअर’ लिहिणाऱ्यालाही.