चॅटमधील पंधरा संदेश, शिपिंग लाइनला एक मेल: तीन पद्धतींची तुलना

तुर्भे एमआयडीसीतील एखादा छोटा कारखाना, वाशी किंवा बेलापूर येथील त्यांच्या सीएचएचे, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटचे, कार्यालय आणि उरणजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात, म्हणजे सीएफएसमध्ये, अडकलेला एक कंटेनर, अशा त्रिकोणात काम करणाऱ्यांना पुढील प्रसंग ओळखीचा वाटेल. आयात विभागातील मनुष्य घाईत व्हॉट्सअॅपवर तुटक संदेश पाठवत राहतो आणि त्यातून शिपिंग लाइनला एक मेल काढण्याचे काम सीएचएकडील कोणाच्या तरी वाट्याला येते. तो मेल तीन प्रकारे काढता येतो: चॅट जसाच्या तसा जोडणे, घटना क्रमाने लिहून काढणे, किंवा मागणी वर ठेवून बाकीचे तिच्यापुरते ठेवणे. कोणती पद्धत केव्हा निवडावी, हे एकाच उदाहरणावर पाहू.

उदाहरणातला कंटेनर प्लास्टिकच्या दाण्यांचा आहे, आणि 12 जूनच्या सकाळी आलेले संदेश असे आहेत, ज्यांत बीई म्हणजे आयातीसाठी कस्टम्सकडे दाखल करायचे बिल ऑफ एंट्री:

«सर कंटेनर आलाय»
«म्हणजे गेल्या आठवड्यातच»
«ते 4471 वालं»
«बीई फाइल केली पण क्वेरी आली»
«ओरिजिन सर्टिफिकेटची ओरिजनल कॉपी मागतायत»
«कुरिअर उद्या येईल»
«सॉरी उद्या निघेल, येईल 18 ला»
«फ्री डेज 16 ला संपतात की 17?»
«डिटेन्शन लागणार»
«ग्राउंड रेंट पण»
(एक व्हॉइस नोट)
«की प्रोव्हिजनल करून घेऊ?»
«लाइनशी बोला ना काहीतरी»
«अर्जंट»
«प्लीज»

पहिली पद्धत फार वेळ घेण्याजोगी नाही. व्हॉट्सअॅपमधून चॅट निर्यात केला, की मजकुराची फाइल मिळते. पण मीडिया न घेता निर्यात केल्यास व्हॉइस नोटच्या जागी काहीतरी वगळले असल्याची खूण तेवढी उरते, आणि मीडियासह घेतल्यास लाइनच्या माणसाने ती नोट ऐकावी अशी अपेक्षा आपण ठेवतो, जी पूर्ण होत नाही. शिवाय आपल्या ग्राहकाचा गोंधळ आणि त्याची प्रोव्हिजनलविषयीची चाचपणी बाहेरच्या पक्षाच्या हाती जाते. पुढे वाद होईल असे वाटत असेल, तर निर्यात केलेली फाइल आपल्या दप्तरी जपून ठेवावी. बाहेर पाठवण्यासाठी तिचा उपयोग नाही.

खरी निवड उरलेल्या दोन पद्धतींत आहे. मात्र दोन्हींच्या आधी एक काम सारखेच करावे लागते आणि तेच बहुतेक वेळा टाळले जाते: चॅटमधील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणाच्या हातात आहे, हे ठरवणे. वरच्या पंधरा संदेशांत तीन वेगळे निर्णय एकमेकांत मिसळले आहेत. डिटेन्शन हे कंटेनर फ्री डेजमध्ये, म्हणजे शुल्क न लागणाऱ्या दिवसांत, परत न केल्याबद्दल शिपिंग लाइन आकारते, म्हणून त्यात सवलत तीच देऊ शकते. ग्राउंड रेंट हे सीएफएसच्या जागेचे भाडे आहे आणि त्यावर लाइनचा अधिकार नाही. प्रोव्हिजनल मूल्यांकन, म्हणजे सीमाशुल्क कायदा, 1962 मधील कलम 18 नुसार बाँड देऊन माल सोडवणे, हा आयातदाराच्या मालकाने घ्यायचा निर्णय आहे. तिन्ही गोष्टी एकाच मेलमध्ये लिहिल्या, तर लाइनचा अधिकारी त्यातील ग्राउंड रेंटचा भाग पाहून मेल दुसऱ्याकडे ढकलतो आणि आपल्या मागणीवर कोणीच काही करत नाही. म्हणून लाइनच्या मेलमधून दोन विषय सरळ काढून टाकायचे. सीएफएसला वेगळा मेल जाईल आणि मालकाला फोन.

त्यानंतर तारखा सरळ कराव्या लागतात. «उद्या», «गेल्या आठवड्यात» हे शब्द मेल उघडणाऱ्याच्या दिवसाप्रमाणे अर्थ बदलतात, म्हणून प्रत्येकाच्या जागी तारीख हवी. आणि दुरुस्ती असेल तेथे शेवटचा संदेश ग्राह्य धरावा, म्हणजे कुरिअर 13 ला निघेल व 18 ला पोहोचेल. 16 की 17 या प्रश्नाचे मूळही मोजणीत आहे. कंटेनर जहाजातून 3 जूनला उतरला आणि 14 फ्री डेज आहेत. उतरल्याचा दिवस धरला तर मुदत 16 ला संपते, न धरला तर 17 ला. लाइनपरत्वे ही रीत बदलते, म्हणून मेलमध्ये «14 दिवस» असे न लिहिता आगमनाच्या सूचनेसोबत लाइनने दिलेली तारीखच लिहावी. येथे ती 16 जून आहे.

व्हॉइस नोट ऐकण्याचा कंटाळा महागात पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. या नोटमध्ये आयात विभागाचा माणूस सांगतो, की 19 ला माल सुटला तरी 20 ला गोदामात जागा नाही आणि माल 21 ला उतरवला जाईल. या एका वाक्याने मागणीचा आकडाच बदलतो. डिटेन्शनचे घड्याळ कस्टम्सने माल सोडला म्हणून थांबत नाही. रिकामा कंटेनर लाइनने सांगितलेल्या यार्डात परत गेल्यावर ते थांबते. नोट न ऐकता लिहिणारा 19 किंवा 20 जूनपर्यंतची मुदत मागेल, ती मिळवेलही, आणि तरीही पुढच्या दिवसांचे बिल येईल. रिकामा कंटेनर 21 ला संध्याकाळी किंवा 22 ला परत जाईल असे धरले, तर मागणी 22 जूनपर्यंतची हवी, म्हणजे 17 ते 22 असे सहा जादा दिवस.

आता हाच मजकूर दुसऱ्या पद्धतीने, घटनाक्रमाने लिहिलेला पाहा.

«विषय: कंटेनरबाबत
महोदय, आमच्या ग्राहकाचा कंटेनर 3 जून रोजी बंदरात उतरला व त्यानंतर सीएफएसमध्ये हलवण्यात आला. बिल ऑफ एंट्री दाखल केल्यावर कस्टम्सने उत्पत्ती प्रमाणपत्राच्या मूळ प्रतीची मागणी केली. सदर प्रत परदेशातून कुरिअरने 13 जून रोजी निघत असून 18 जून रोजी अपेक्षित आहे. दरम्यान फ्री डेज 16 जून रोजी संपत आहेत. गोदामात 20 जून रोजी जागा उपलब्ध नाही. तरी कृपया सहकार्य करावे.»

यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि तरीही मेल निष्फळ आहे. वाचणाऱ्याला मागणी शेवटच्या चार शब्दांत शोधावी लागते, आणि तेथेही ती सापडत नाही, कारण «सहकार्य करावे» म्हणजे किती दिवस वाढवावेत, हे त्यानेच ठरवायचे आहे. अशा मेलला येणारे उत्तर ओळखू येते: एक तर «नोंद घेतली» किंवा «कंटेनर क्रमांक कळवा». «नोंद घेतली» असे उत्तर आले, की आपण माहिती दिली पण काहीच मागितले नाही, असे समजावे.

तिसऱ्या पद्धतीने लिहिलेला मेल असा होतो. त्यातील बीएल म्हणजे बिल ऑफ लॅडिंग, लाइनने मालासाठी दिलेला वाहतुकीचा दस्तऐवज.

«विषय: [कंटेनर क्रमांक], बीएल [क्रमांक]: फ्री डेज 22 जूनपर्यंत वाढवण्याची विनंती
महोदय, वरील कंटेनरचे फ्री डेज आपल्या सूचनेनुसार 16 जून रोजी संपत आहेत. ते 22 जूनपर्यंत, म्हणजे सहा दिवस, वाढवून द्यावेत ही विनंती.
कस्टम्सने उत्पत्ती प्रमाणपत्राची मूळ प्रत मागितली असून ती 18 जूनला हाती येईल. 19 जूनला माल सुटणे, 21 जूनला माल उतरवणे व 22 जूनपर्यंत रिकामा कंटेनर यार्डात परत करणे असे आमचे नियोजन आहे. क्वेरीची प्रत सोबत जोडली असून कुरिअरची पावती 13 जूनला पाठवतो.
आपला निर्णय 14 जूनच्या संध्याकाळपर्यंत कळवावा. पूर्ण सहा दिवस शक्य नसल्यास किती दिवस व त्यापुढे कोणता दर, हे कळवावे. 15 जूनला सकाळी मी आपल्याशी फोनवर संपर्क साधेन.»

तिसऱ्या पद्धतीचा मेल दुसऱ्या पद्धतीच्या मेलपेक्षा लांब आहे. संक्षेप म्हणजे शब्द कमी करणे, असे मानणारे बहुतेक येथेच चकतात. तिसऱ्या पद्धतीच्या मेलमध्ये जागा वाचली ती उतरल्याची तारीख, सीएफएसमध्ये हलवणे आणि गोदामातील अडचण वगळून, आणि ती जागा उत्तराच्या मुदतीला व पर्यायी विचारणेला मिळाली. चॅटमधील «4471 वालं» याच्या जागी पूर्ण क्रमांक आला पाहिजे: चार अक्षरे व सात अंक, ज्यातील शेवटचा अंक तपासणीचा असतो आणि टंकताना झालेली चूक बहुधा पकडून देतो. विषयात तो सर्वात आधी ठेवावा, कारण लाइनच्या कार्यालयात शोध त्याच क्रमांकाने घेतला जातो आणि मोबाइलवर विषयाचा पुढचा भाग कापला जातो. शेवटचे वाक्यही मुद्दाम तसे आहे. «उत्तर न आल्यास संमती समजू» असे लिहिण्याचा मोह होतो, पण लाइनच्या दरपत्रकापुढे ते टिकत नाही. आपण स्वतः काय करणार, तेच लिहावे. (प्रत्यक्षात हा मेल बहुधा इंग्रजीत जातो, रचना मात्र हीच राहते.)

तरीही दुसरी पद्धत टाकाऊ नाही. माल भिजलेला निघाला, सील तुटलेले आढळले, विम्याचा दावा करायचा आहे किंवा आधी आकारलेल्या डिटेन्शनचा परतावा मागायचा आहे, अशा वेळी वाचणारा निर्णय घेण्याआधी जबाबदारी कोणाची हे पडताळणार असतो, आणि त्याला तारखांची साखळी सलग हवी असते. तेथे घटनाक्रमच मुख्य मजकूर ठरतो; फक्त त्याच्या आधी एका वाक्यात मागणी लिहावी. आपल्याच कार्यालयातील नव्या सहकाऱ्याकडे काम सोपवतानाही मी घटनाक्रमच निवडेन.

तिसरी पद्धत निष्फळ ठरते ती मागणीच ठरलेली नसताना. वरच्या चॅटमध्ये «प्रोव्हिजनल करून घेऊ?» हा प्रश्न उघडा आहे, आणि मालकाने त्याला होकार दिला, तर मूळ प्रतीची वाट पाहण्याची गरज न उरता माल 18 च्या आधीच सुटू शकेल, मग सहा दिवस मागण्याला अर्थ उरणार नाही. नेमक्या शब्दांत लिहिलेली चुकीची मागणी परत घेणे मोघम मागणीपेक्षा अवघड असते, आणि त्याच लाइनकडे पुढच्या कंटेनरसाठी पुन्हा जायचे असते. म्हणून आधी मालकाला फोन, आणि त्याने वाट पाहायची असे सांगितल्यावर मेल. फोन लागत नसेल आणि 12 तारीख संपत आली असेल, तर मेल पाठवावा, मात्र «त्याआधी माल सुटल्यास कळवू» हे एक वाक्य जोडून.

मेल गेल्यावर चॅटमध्ये एक ओळ टाकावी: «लाइनला 22 जूनपर्यंतची विनंती पाठवली, उत्तर 14 पर्यंत, ग्राउंड रेंटसाठी सीएफएसला वेगळा मेल जाईल.» नाहीतर दुपारी «काय झालं?» पासून नवी मालिका सुरू होते. पुढे कुरिअर 19 वर गेले, तर नवा मेल न लिहिता त्याच मेलला उत्तर म्हणून बदललेली तारीख आणि मागणीचा नवा दिवस एवढेच पाठवावे, आणि विषय तोच राहू द्यावा.