48 पैकी 16 बरण्या खराब: ॲपवरचं बटण दाबावं की हिशेबाचं पत्र लिहावं?

जुळे सोलापुरातल्या आमच्या वहिनी घरीच शेंगा चटणी करून विकतात. गड्ड्याच्या यात्रेआधी मागणी वाढते म्हणून त्यांनी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 250 मिलीच्या 48 काचेच्या बरण्या मागवल्या. नगाला 37 रुपयांप्रमाणे 1,776 रुपये झाले, वर घरपोच आणण्याचे 90. चोवीस-चोवीसची दोन खोकी आली. एक धड होतं, दुसरं नुसतं उचललं तरी आतून खळखळत होतं.

वहिनींनी फोन केला तेव्हा मजकूर तयारच होता. "भाऊजी, तुम्ही फक्त टाइप करा. चोर आहेत म्हणून लिहा की सरळ." मी म्हटलं, आधी मोजू. आता पैसे परत मिळवायला कोणता रस्ता धरायचा हा प्रश्न होता, आणि असाच माल हातात घेऊन बसलेल्या कुणालाही तो पडतो.

पहिला रस्ता ॲपमधला. ऑर्डर उघडायची, परत करण्याचं बटण दाबायचं, कारण निवडायचं, फोटो जोडायचे. याला पाच मिनिटं लागतात आणि तक्रारीचा क्रमांक लगेच मिळतो. कारण मात्र जपून निवडायचं. "आता नको आहे" असं निवडलं तर दोष तुमच्याकडे जातो आणि परत नेण्याचा खर्चही कदाचित तुमच्याच माथी येतो. माल फुटका आला असेल तर "खराब माल" हेच निवडायचं. मिक्सर, पंखा, एखादी साडी असा एकच नग असेल आणि तो पूर्ण बिघडलेला असेल, तर मी दुसरं काही सुचवणार नाही. बटण पुरेसं आहे.

आमची अडचण वेगळी होती. त्या पानावर "48 पैकी 16" लिहायला जागाच नव्हती. एक तर सगळं परत करा, नाही तर सगळं ठेवा. सगळं परत केलं तर चांगल्या 32 बरण्याही जाणार आणि यात्रेच्या तोंडावर चटणी पातेल्यातच राहणार. चॅटवरच्या माणसाने 150 रुपयांचं कूपन देऊ केलं. ते स्वीकारलं की तक्रार "निकाली" दिसू लागते आणि ती पुन्हा उघडायला घाम गाळावा लागतो. वहिनींनी नाही म्हटलं आणि त्या संभाषणाचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, कारण असं चॅट नंतर सापडेलच याचा भरवसा नसतो.

म्हणून दुसरा रस्ता, हिशेबाचं पत्र. ते लिहायला आम्हाला एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि त्यातला बराच वेळ मोजण्यात गेला. फुटलेल्या बरण्या डोळ्यांना दिसतात, तोंडाची कपची उडालेली पटकन दिसत नाही. त्यासाठी सुती कापडाचा तुकडा तोंडाच्या कडेवरून फिरवायचा. कपची उडालेली असेल तिथे धागा अडकतो. बोट फिरवू नका. झाकणासाठी बरणीत पाणी भरून, झाकण लावून ती दहा मिनिटं वर्तमानपत्रावर उलटी ठेवायची. कागद ओला झाला तर झाकण चेपलेलं आहे. असे आणखी सात नग निघाले, जे घाईत चांगल्यांत गेले असते आणि चटणीत काच सापडली असती.

बिलावर `Sold by` पुढे ज्याचं नाव असतं तो विक्रेता, आणि ॲप हा फक्त बाजार. पत्र विक्रेत्याला पाठवलं आणि प्रत ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचं नाव-पत्ता संकेतस्थळावर देणं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. पत्र असं होतं:

"3 जानेवारीला 48 बरण्यांची दोन खोकी मिळाली. पहिल्या खोक्यातल्या 24 बरण्या चांगल्या आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या खोक्यात:
9 बरण्या फुटलेल्या, फोटो 1 ते 3: 333 रुपये
4 बरण्यांच्या तोंडाची काच उडालेली, फोटो 4 व 5: 148 रुपये
3 बरण्यांची झाकणं चेपलेली, फोटो 6: 111 रुपये
या 16 नगांच्या वाट्याचा घरपोच खर्च: 30 रुपये
एकूण 622 रुपये.
या खोक्यात बरण्यांमध्ये पुठ्ठ्याचे कप्पे नव्हते, फोटो 7. बदली माल किंवा कूपन नको. रक्कम ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत करावी. खराब माल व खोकं 20 जानेवारीपर्यंत ठेवलेलं आहे, हवं असल्यास त्याआधी न्यावं. 10 जानेवारीपर्यंत उत्तर द्यावं."

वर ऑर्डर क्रमांक आणि ॲपमधल्या तक्रारीचा क्रमांक. "चोर" हा शब्द नाही, म्हणून वहिनी थोड्या हिरमुसल्या. पण तो शब्द असता तर समोरच्याने बरण्यांबद्दल न बोलता आमच्या भाषेबद्दल उत्तर दिलं असतं. मला यातलं सगळ्यात जड वाक्य वाटतं ते "24 बरण्या चांगल्या आहेत". ते वाचल्यावर उरलेला आकडा फुगवलेला आहे असं म्हणणं अवघड जातं.

उत्तर आलं, त्यात दोन हरकती. पहिली, खोकं उघडतानाचा व्हिडिओ नाही. काही विक्रेते आपल्या अटींत तो मागतात, पण ई-कॉमर्स नियमांत अशी अट नाही. उलट सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये असं त्यांत आहे. तरी काच मागवताना व्हिडिओ काढावा, वाद तिथेच मिटतो. दुसरी हरकत, "48 नग म्हणजे धंद्याची खरेदी, तुम्ही ग्राहक नाही." ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूत मोडत नाही असं स्पष्टीकरण आहे. वहिनी स्वतः चटणी कुटतात. आम्ही तेवढी एक ओळ कळवली. पदरी दहा माणसं ठेवून कारखाना चालवणाऱ्याला मात्र ही ओळ बहुधा उपयोगी पडणार नाही.

तिसरा रस्ता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा, 1915. फोन फुकट लागतो आणि ते कंपनीशी मध्यस्थी करतात, पण आदेश देऊ शकत नाहीत. पत्राची मुदत उलटून गेल्यावर इकडे वळावं, कारण तेव्हा सांगायला तारखा असतात. चौथा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. विक्रेता कुठलाही असो, तुम्ही सोलापुरात राहत असाल तर दावा सोलापुरातच लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. फ्रिज-टीव्हीसाठी जरूर जा. 622 रुपयांसाठी मी तरी तारखांना गेलो नसतो.

8 जानेवारीला वहिनींच्या खात्यात 592 रुपये जमा झाले. घरपोच खर्चाचे 30 राहिले. "मागू का?" मी विचारलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "ती काच कधी नेणार ते विचारा आधी. पोरं खेळतात तिथं." न्यायला कुणी आलं नाही. 21 तारखेला खोकं बांधून, वर "काच" असं ठळक लिहून, वहिनींनी ते घंटागाडीत दिलं.