सातव्या महिन्यानंतरचं पोटदुखणं: शीर ताणली, कळा आल्या, की लगेच गाडी बोलवायची?

सातव्या-आठव्या महिन्यात पोट दुखलं की घरातून तीन सल्ले येतात. एक म्हणतो, "शीर ताणली असंल." दुसरा म्हणतो, "खोट्या कळा आहेत, झोप." तिसरा थेट गाडी काढायला सांगतो. तिन्ही सल्ले कधी ना कधी बरोबर असतात. आत्ता कोणता लागू आहे हे ठरवायला आधी पोटाला हात लावायचा. बेंबीच्या वर तळहात ठेवा आणि पाहा: दुखताना पोट कडक होतंय का, आणि दुखणं ओसरल्यावर पुन्हा मऊ पडतंय का?

लिगामेंटच्या दुखण्यात पोट कडक होतच नाही. गर्भपिशवीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोन दोऱ्या निघून जांघेपर्यंत जातात, त्यांना राउंड लिगामेंट म्हणतात. पिशवी वाढते तशा त्या ताणतात. कूस बदलताना, खोकताना, खाली बसून भांडी घासून झटकन उठताना जांघेत किंवा ओटीपोटाच्या एका बाजूला सणक भरते आणि काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत उतरते. उजवीकडे जास्त जाणवते, कारण वाढलेली पिशवी बहुधा थोडी उजवीकडे कललेली असते. गुडघे पोटाकडे घेऊन, पोटाखाली उशी देऊन कुशीवर पडलं की बरं वाटतं. हालचालीनं सुरू होतं आणि हालचाल थांबली की थांबतं, हीच याची ओळख. ताप, उलटी, अंगावरून जाणं यांपैकी काहीही सोबत असेल तर लिगामेंटवर खापर फोडू नका.

कळांमध्ये सगळं पोट आवळतं आणि मग सुटतं. खोट्या कळा बहुधा पुढच्या बाजूला जाणवतात, कधी दहा मिनिटांनी येतात तर कधी पाऊण तासानं, आणि पाणी पिऊन, लघवी करून, आडवं झाल्यावर विरतात. खऱ्या कळा अनेकदा कमरेतून निघून पुढे येतात, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो, आणि पडून राहिल्यानं त्या थांबत नाहीत. मोजताना एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरा. पुष्कळ जण पहिली संपल्यापासून मोजतात आणि अंतर चुकतं.

तिसऱ्या प्रकारात पोट कडक होतं ते मऊ पडतच नाही. फळीसारखं राहतं, हात लावला तरी दुखतं, मध्ये सुटका नसते. बाळ जन्मण्याआधीच वार पिशवीपासून सुटायला लागली की असं होतं. इथं हमखास फसगत होते ती रक्ताबाबत. वारेमागे रक्त साचून राहिलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून "अंगावरून गेलं नाही, म्हणजे ठीक आहे" हे गणित चुकतं. वार पिशवीच्या मागच्या बाजूला असेल तर पोटापेक्षा कंबरच जास्त दुखते. बीपी वाढलेल्या बाईला हा धोका जास्त असतो, तसाच पडल्यावर किंवा गाडीवरून आदळल्यावरही. पोटाला मार लागला असेल तर दुखत नसलं तरी दवाखान्यात काही तास बाळाचे ठोके आणि कळा यांवर नजर ठेवून घ्यावी. आणखी एक: सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणून वार सुटलेली नाही असं ठरत नाही. ताजं रक्त पडद्यावर सहज वेगळं दिसत नाही, डॉक्टर लक्षणांवरूनच ठरवतात.

आता एक उदाहरण घेऊ. केज तालुक्यातली एक वाडी, मे महिना, घरात लग्न. दुसरं बाळंतपण, ३३ वा आठवडा. संध्याकाळी पंगतीतून उठताना उजव्या जांघेत सणक आली आणि बसल्यावर गेली. ही लिगामेंटची, सोडून द्या. रात्री दहाला मात्र पोट अधूनमधून आवळायला लागलं, फार दुखत नाही, पण कंबर भरून आली आहे. दिवसभर उन्हात पाणी कमी पोटात गेलं, त्यानंही पोट आवळतं. म्हणून दोन-तीन ग्लास पाणी, लघवी, डाव्या कुशीवर पडणं आणि तासभर मोजणं. तासाभरात सात वेळा पोट आवळलं.

इथं सासूबाई म्हणणार, "एवढ्याशा कळांनी काही होत नाही." ३८ वा आठवडा असता आणि पहिली खेप असती, तर त्यांचं बरोबर होतं. दिवस भरले असतील तर पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी कळ तासभर चालू राहिली की निघायचं, असं साधारण धरतात. दुसऱ्या खेपेला आणि दवाखाना लांब असेल तर त्याच्याही आधी. पण ३७ आठवड्यांच्या आत हा नियम चालत नाही. पाणी आणि विश्रांतीनंतरही तासाला चार-सहा वेळा पोट आवळत असेल तर, दुखत नसलं तरी, निघायचं. कारण ३४ आठवड्यांच्या आत बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं दर बारा तासांनी देतात आणि त्यांचा पुरता गुण यायला एक-दोन दिवस लागतात. आज रात्री गेलं तर तेवढी सवड मिळू शकते. लघवीची तपासणीही करून घ्यावी, कारण लघवीतल्या जंतुसंसर्गानंही मुदतीआधी कळा येतात.

याच बाईचं पोट कडक होऊन मऊ पडलंच नसतं, तर मोजत बसायचं नव्हतं. जवळ आहे म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबण्यातही अर्थ नव्हता. रक्त आणि ऑपरेशनची सोय लागते, म्हणजे अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा तशा सोयीचं दुसरं रुग्णालय.

अ‍ॅसिडिटी म्हणून अंगावर काढलं जाणारं एक दुखणं वेगळं सांगायला हवं. छातीच्या खाली मध्यभागी किंवा उजव्या फासळीखाली सतत दुखतं, अ‍ॅसिडिटीच्या गोळीनं उतरत नाही, सोबत डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे चमकतं किंवा उलट्या होतात. हे वाढलेल्या बीपीमुळे यकृतावर आलेलं असू शकतं. बीपी १४०/९० च्या वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना, १६०/११० असेल तर त्याच क्षणी. बीपी मोजायची सोय नसेल तर या लक्षणांवरच निघा.

अपेंडिक्सही उजवीकडेच दुखतं, म्हणून लिगामेंटशी गल्लत होते. ते तासागणिक वाढतं, कूस बदलून सुटत नाही आणि जेवणावरची वासना जाते. आधीचं सिझर असेल आणि दोन कळांच्या मध्येही टाक्याच्या जागी दुखत राहिलं, किंवा चाललेल्या कळा एकदम थांबून बाई गळून गेली, तर टाका उसवत असण्याची शक्यता धरून निघा. न दुखता लालभडक रक्त गेलं तर वार खाली असू शकते, अशा वेळी दाईला आतून तपासू देऊ नका. पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल सवयीपेक्षा कमी वाटली, तर पोट दुखो न दुखो, दाखवायचं.

गाडी येईपर्यंत पोट चोळू नका, शेक देऊ नका, एरंडेल पाजू नका. घरातली अंगदुखीची गोळी, म्हणजे डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, तर नकोच. शेवटच्या तीन महिन्यांत तिनं बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. १०८ ला फोन केल्यावर आधी चार गोष्टी सांगा: कितवा आठवडा, रक्त गेलं का, पोट मध्ये मऊ पडतं का, आधी सिझर झालंय का. सोबत माता-बाल कार्ड आणि शेवटची सोनोग्राफी घ्या, वार कुठे आहे ते त्यात लिहिलेलं असतं. रक्त देऊ शकतील अशी घरातली दोन माणसंही सोबत निघू द्या.