माकुलाची कातडी: रंगाच्या पिशव्या की आरसे?

बेळगावच्या बाजारात कारवारहून बर्फात आलेलं माकूल, म्हणजे कटलफिश, पांढरटच दिसतं. जिवंतपणी तेच क्षणात तपकिरी, ठिपकेदार किंवा पट्टेरी होतं. त्यासाठी कातडीत दोन वेगळ्या सोयी असतात.

वरच्या थरात पिवळ्या, तांबूस आणि गडद तपकिरी रंगाच्या लवचिक पिशव्या असतात. प्रत्येकीभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे स्नायू. मेंदूकडून थेट आलेल्या नसेनं इशारा दिला, की स्नायू आखडतात, पिशवी ताणून पसरते आणि रंगाचा ठिपका मोठा होतो. स्नायू सैल पडले, की ती आपोआप आक्रसते. सगळं एका सेकंदाच्या आत. खरी करामत इथंच आहे, असं माझं मत.

खालच्या परावर्तक पेशींत रंगद्रव्य नसतं. काहींमध्ये प्रथिनांच्या पातळ चकत्यांची चळत असते; तिच्यावरून परतलेला प्रकाश हिरवा-निळा चमकतो. काही सगळाच प्रकाश विखुरतात, म्हणून पांढऱ्या दिसतात. या पांढऱ्या पेशी स्वतः हलत नाहीत. रंगीबेरंगी खडीवर बसलेलं माकूल पाठीवर पांढरा चौकोन उमटवतं, तेव्हा तेवढ्याच जागेतल्या पिशव्या मिटतात आणि खालचं पांढरं उघडं पडतं. आजूबाजूच्या पिशव्या मात्र पसरलेल्या राहतात, त्यामुळं अंगाची कड तुटक दिसते आणि शिकाऱ्याला माकूल ओळखू येत नाही.

घरी पाहायचं तर ताजं माकूल उजेडात तिरकं करा. डोळ्याभोवतीची चमक कोन बदलला की बदलते. तपकिरी ठिपका कुठूनही तपकिरीच.